लग्न कुकटपल्लीत, ड्रोन देगलूरचा, विमा नांदेडचा : नुकसानीच्या क्लेमचं पत्र कसं लिहायचं?

देगलूर, बिलोली, उदगीर या पट्ट्यातल्या फोटोग्राफरांना हैदराबादच्या लग्नाच्या ऑर्डरी नव्या नाहीत. अकोल्याहून नांदेड, देगलूर करत संगारेड्डीला जाणारा महामार्ग पुढं जुन्या मुंबई हायवेला लागतो. पटनचेरू, मियापूर ओलांडलं की कुकटपल्ली येतं. मेट्रोच्या खांबांच्या दोन्ही अंगांना फंक्शन हॉल. इकडची बरीच कुटुंबं नोकरीधंद्यानं तिथं स्थायिक झाली आहेत. लग्न निघालं की त्यांना गावाकडचाच फोटोवाला लागतो, आणि आता फोटोवाला म्हटलं की ड्रोन आलाच.

अडचण सुरू होते ती ड्रोन पडल्यावर. पॉलिसी नांदेडच्या शाखेतून घेतलेली, अपघात दुसऱ्या राज्यात, आणि बिल कुठल्या ड्रॉवरमध्ये आहे ते कुणालाच आठवत नाही. त्यात पॉलिसीवर 'ऑल रिस्क' असं लिहिलेलं असल्यानं काहीही झालं तरी पैसे मिळणार, असा समज असतो. तो खरा नाही. ऑल रिस्कचा अर्थ इतकाच, की पॉलिसीत जे वगळलेलं नाही ते सगळं कव्हर आहे. कॅमेऱ्याच्या किंवा पोर्टेबल इक्विपमेंटच्या पॉलिसीत साधारणपणे नैसर्गिक झीज, आतला यांत्रिक किंवा विजेचा बिघाड, हळूहळू झालेलं नुकसान, जाणूनबुजून केलेलं कृत्य आणि घोर निष्काळजीपणा वगळलेला असतो. काही पॉलिसी तर उडणारी साधनंच वगळतात आणि ड्रोनसाठी वेगळी एंडोर्समेंट मागतात. म्हणून पत्र लिहायच्या आधी पॉलिसीचं शेड्यूल काढून त्यात 'ड्रोन' हा शब्द, मॉडेल आणि सीरियल नंबर आहे का ते पाहावं. तिथं फक्त 'कॅमेरा आणि साहित्य' असं मोघम लिहिलं असेल तर वाद तिथूनच सुरू होतो.

क्लेम मान्य होणं न होणं बहुतेक वेळा दोन गोष्टींवर ठरतं. पडलेला ड्रोन तोच आहे का, ज्याचा विमा उतरवला होता? आणि तो बाहेरच्या, अचानक घडलेल्या कारणानं पडला का? पत्रानं एवढंच दाखवायचं असतं, कागदासह.

एक उदाहरण धरू

पुढचं उदाहरण नमुन्याचं आहे, आकडे समजायला सोपे पडावेत म्हणून घेतले आहेत. देगलूरच्या एका स्टुडिओकडं २५० ग्रॅमच्या आतला छोटा कॅमेरा ड्रोन आहे. जून २०२३ मध्ये नांदेडच्या दुकानातून जीएसटी बिलावर घेतलेला. १६ नोव्हेंबर २०२५ ला, रविवारी, कुकटपल्लीतल्या एका फंक्शन हॉलच्या पार्किंगवरून वरातीचं शूटिंग चालू होतं. दुपारी चार वाजून पन्नास मिनिटांनी ड्रोन सात मीटर उंचीवरून डावीकडं सरकत होता. तिथं डेकोरेशनवाल्यानं दिव्यांच्या माळेसाठी ताणलेली बारीक तार होती. पंखा तारेला लागला आणि ड्रोन थेट सिमेंटच्या फरशीवर आला. गिंबल तुटला, पुढचा एक हात मोडला, वरच्या कवचाला तडा गेला. कुणाला लागलं नाही.

अशा अपघाताला सेन्सर असूनही उपयोग होत नाही. छोट्या ड्रोनपैकी बऱ्याच मॉडेलना बाजूला बघणारे सेन्सर नसतात, आणि असले तरी बारीक तार त्यांना धड दिसत नाही. पत्रात ही गोष्ट एका वाक्यात आली की सर्वेअरच्या मनातला "मग ड्रोननं ब्रेक का नाही मारला?" हा प्रश्न तिथंच मिटतो.

पहिला तास

ड्रोन पडला की लोक पहिली गोष्ट करतात ती म्हणजे उचलून पुन्हा चालू करून बघतात. ते करू नये. वाकलेल्या गिंबलची मोटर चालू होताच जोर लावते आणि जळू शकते. मग सर्वेअर म्हणतो, मोटर अपघातानं गेली की नंतर? आधी पडलेल्या जागीच फोटो काढावेत. एक लांबून, ज्यात हॉल, तार आणि ड्रोन तिन्ही दिसतील. एक तारेचा, शक्य असेल तर तारेवर घासल्याची खूण दिसेल असा. मग तुटलेल्या भागांचे जवळून, आणि सीरियल नंबरच्या स्टिकरचा. मोडलेले तुकडे, पंख्यांचे काटके सुद्धा, एका पिशवीत ठेवावेत. बॅटरी काढून वेगळी ठेवावी. ती फुगली असेल किंवा दबली असेल तर चार्जिंगला लावू नये, गाडीत इतर सामानाखाली दाबू नये.

दुसरी गोष्ट फ्लाइट लॉग. उड्डाणाची उंची, वेग, बॅटरी, सॅटेलाइटची संख्या आणि स्क्रीनवर आलेल्या सूचना ज्या फोनवर अॅप चालू होतं त्या फोनमध्ये साठतात. बऱ्याचदा तो फोन सहाय्यक पोराचा असतो. पोरगं चार दिवसांनी अॅप काढून टाकतं किंवा फोन फॉरमॅट करतं आणि सगळ्यात भक्कम पुरावा जातो. डीजेआयच्या अॅपमध्ये ही फाइल साधारण अशा नावाची असते:

```
DJIFlightRecord_2025-11-16_[16-38-05].txt
```

अँड्रॉइड फोनवर ती `Android/data/dji.go.v5/files/FlightRecord` या फोल्डरमध्ये सापडते. ती उघडून वाचायच्या भानगडीत न पडता जशीच्या तशी कॉपी करून ठेवावी. फाइलचं नाव बदललं तरी शंका घेतली जाते. मेमरी कार्डावरचा त्या उड्डाणाचा व्हिडिओही काढून ठेवावा. शेवटच्या सेकंदाला तार फ्रेममध्ये येऊन चित्र गरगर फिरताना दिसलं तर निम्मं काम तिथंच झालं. कार्ड मात्र दुसऱ्या दिवशीच्या हळदीला पुन्हा वापरू नये.

तिसरी गोष्ट कळवणं. पत्र नंतर, पण कंपनीला त्याच दिवशी टोल-फ्री नंबरवर किंवा ईमेलवर कळवून क्लेम नंबर घ्यावा. पॉलिसीत 'तात्काळ' किंवा ठराविक तासांची अट असते. उशीर झालाच तर घाबरून तारीख बदलू नये, उशिराचं खरं कारण लिहावं. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये ओमप्रकाश विरुद्ध रिलायन्स जनरल या ट्रकचोरीच्या प्रकरणात म्हटलं होतं, की उशिराचं समाधानकारक कारण असेल तर केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा फेटाळू नये. तारीख खोटी लिहिली तर हा आधार राहत नाही.

आणि इथं सीमेवरच्या माणसाची खास अडचण येते. शूटिंग संपलं की गाडी देगलूरला निघते, ड्रोन सोबत येतो. सर्वेअर नंतर म्हणतो, घटनास्थळ बघायचं होतं. त्यामुळं निघण्याआधी ईमेलमध्ये सरळ विचारावं, की सर्वे कुकटपल्लीत करणार की वस्तू नांदेडला आणून दाखवू? उत्तर आलं नाही तर "घटनास्थळाचे फोटो जोडले आहेत, वस्तू आहे त्या अवस्थेत देगलूरला नेत आहे, दुरुस्ती केलेली नाही" असं कळवून मगच हलावं. सर्वे होण्याआधी ड्रोन दुरुस्तीला खोलायला देऊ नये. सर्व्हिस सेंटरला फक्त एस्टिमेट मागावं.

खरेदीचा पुरावा : बिल आहे, पण नंबर कुठाय?

खरेदीचा पुरावा म्हणजे नुसतं पैसे दिल्याचं दाखवणं नव्हे. 'ही वस्तू माझी आणि विमा हिचाच' हे जोडणारा तो कागद आहे. बिलावर दुकानाचा जीएसटी नंबर, तारीख, मॉडेल आणि सीरियल नंबर असेल तर काम सोपं. बऱ्याच बिलांवर 'कॅमेरा ड्रोन १ नग' एवढंच असतं. अशा वेळी दुकानदाराकडून त्याच बिल नंबरचा उल्लेख करून सीरियल नंबर लिहिलेलं पत्र घ्यावं, सोबत खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो आणि अॅपच्या माहितीच्या पानाचा स्क्रीनशॉट लावावा. हे तिन्ही नंबर आणि शेड्यूलमधला नंबर अक्षर न अक्षर जुळवून बघावा. शून्य आणि ओ, एक आणि आय यांची अदलाबदल टायपिंगमध्ये नेहमी होते. चूक सापडली तर क्लेमच्या आधी नाही तर निदान क्लेमच्या पत्रातच ती आपण होऊन सांगावी.

एक फसगत फार लोकांना ठाऊक नसते. वॉरंटीत किंवा जुन्या अपघातात सर्व्हिस सेंटरनं ड्रोन दुरुस्त करण्याऐवजी बदलून दिला असेल, तर नव्या ड्रोनचा सीरियल नंबर वेगळा असतो. पॉलिसीत जुनाच राहतो. पुढं हा नवा ड्रोन पडला की कंपनी म्हणते, या नंबरचा विमाच नाही. बदलीचा जॉबशीट जोडून त्याच आठवड्यात एंडोर्समेंट करून घ्यावी. ते राहून गेलं असेल तर जॉबशीटवर जुना आणि नवा असे दोन्ही नंबर असतात, तो कागद पत्रासोबत पहिल्या पानावर लावावा.

सेकंडहँड ड्रोनला मूळ बिलाची प्रत, विकणाऱ्याचं खरेदीखत किंवा साधी लेखी पावती, आणि बँकेतून किंवा यूपीआयनं गेलेल्या पैशाची नोंद लागते. नोंदणी क्रमांकही नव्या मालकाच्या नावावर झालेला हवा. बिल भावाच्या नावावर आणि पॉलिसी स्टुडिओच्या नावावर, हाही नेहमीचा घोळ. तिथं मालकी कुणाची आणि स्टुडिओचा त्यात हितसंबंध काय, हे पत्रात लिहावं लागतं. स्टुडिओच्या हिशेबात ती वस्तू मालमत्ता म्हणून दाखवली असेल तर सीएचा दाखला कामाला येतो.

परदेशातून आलेल्या ड्रोनचं प्रकरण जरा नाजूक आहे. ९ फेब्रुवारी २०२२ पासून केंद्रानं तयार ड्रोनची आयात बंद केली आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांसाठीच सवलत आहे, सुट्या भागांवर बंदी नाही. त्यानंतर कुणी पाव्हण्याच्या बॅगेतून ड्रोन मागवला असेल तर त्याच्याकडं ना कस्टमची पावती असते ना जीएसटी बिल. अशा वस्तूचा हप्ता कंपनी घेऊन मोकळी होते, प्रश्न क्लेमच्या वेळी निघतात. विमा उतरवतानाच बिल दाखवून कंपनीची पोच घेतलेली बरी.

नियमाचं काय?

पॉलिसीत 'कायद्याचं पालन आणि योग्य काळजी' अशी अट असते, म्हणून ड्रोन नियम २०२१ पत्राच्या कक्षेत येतात. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढं दोन किलोपर्यंत मायक्रो. नॅनोला रिमोट पायलट सर्टिफिकेट लागत नाही. मायक्रोला बिगर-व्यावसायिक वापरात लागत नाही, पण पैसे घेऊन लग्न शूट करायचं असेल तर लागतं. इथं वजनाची गंमत आहे. २४९ ग्रॅमच्या ड्रोनला मोठी बॅटरी किंवा पंख्यांची जाळी लावली की तो २५० च्या वर जातो, आणि कागदोपत्री नॅनो असलेला ड्रोन त्या दिवशी मायक्रो होऊन बसतो. सर्वेअरनं बॅटरीवरचा नंबर पाहिला तर हे लगेच कळतं. म्हणून अपघाताच्या वेळी कुठली बॅटरी होती तेही लिहावं.

जागेचा प्रश्न कुकटपल्लीत जास्त. बेगमपेटचा विमानतळ तिथून फार लांब नाही आणि नियम विमानतळाच्या हद्दीपासूनच्या अंतरावर बदलतात. आठ ते बारा किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत ग्रीन झोन, त्याहून जवळ किंवा त्याहून उंच गेलं की परवानगीचा विषय. कुकटपल्ली मोठं आहे, एका टोकाचा हॉल आणि दुसऱ्या टोकाचा हॉल एकाच झोनमध्ये असेल असं नाही. ऑर्डर घेतानाच डिजिटल स्कायच्या नकाशावर हॉलचा पत्ता टाकून तारखेसह स्क्रीनशॉट ठेवावा. सभा, निवडणुका, व्हीआयपी दौरे असले की पोलीस तात्पुरती बंदी घालतात, तेही स्थानिक ठाण्यात विचारून घ्यावं.

ड्रोन कुणाच्या अंगावर किंवा गाडीवर पडला तर ते वेगळं प्रकरण. ऑल रिस्क पॉलिसी आपल्या वस्तूचं नुकसान देते, दुसऱ्याचं नाही. त्यासाठी थर्ड पार्टी विमा लागतो. नॅनोला तो सक्तीचा नाही, पण माणूस जखमी झाला तर जबाबदारी सुटत नाही. अशा वेळी पोलिसांत नोंद करून तिची प्रत घ्यावीच.

घटनेचं वर्णन

"ड्रोन उडत असताना अचानक बंद पडून खाली कोसळला." बहुतेक पत्रांत हे एकच वाक्य असतं, आणि ते अर्जदाराच्याच गळ्याशी येतं. अचानक बंद पडला म्हणजे आतला बिघाड, आणि आतला बिघाड वगळलेला. प्रत्यक्षात तो तारेला लागून पडला असेल तर आधी तार, मग धडक, मग पडणं, अशा क्रमानं लिहावं. लॉगमध्येही हा फरक दिसतो. मोटर किंवा बॅटरी गेली असेल तर आधी सूचना येते, मग उंची घटते. धडक असेल तर सगळं सुरळीत चालू असताना एका क्षणात ड्रोन तिरपा होतो आणि मग खाली येतो.

उलट बाजूही तेवढीच खरी. बॅटरी संपत आली असल्याची सूचना तीनदा येऊनही उडवत राहिलं असेल आणि पत्रात 'पक्ष्यानं धडक दिली' लिहिलं, तर लॉग ते उघडं पाडतो. मग साधा नामंजूर क्लेम खोट्या दाव्यात जातो. जे दिसलं तेवढंच लिहावं, जे दिसलं नाही त्याबद्दल 'दिसलं नाही' लिहावं. ड्रोन उडून गेला आणि सापडलाच नाही, तर बऱ्याच पॉलिसी 'कारणाशिवाय गायब' या सदराखाली तो वगळतात. तिथं शेवटचं ठिकाण, सिग्नल तुटल्याची वेळ आणि शोध घेतल्याची हकीकत नसेल तर काही हाती लागत नाही.

ड्रोन कोण उडवत होतं हेही लपवू नये. काही पॉलिसी फक्त विमाधारक आणि त्याच्या कामावरचे लोक एवढ्यांनाच मानतात. सहाय्यक उडवत असेल तर तो पगारावर आहे की त्या दिवसापुरता बोलावलेला, ते लिहावं.

पत्राचा नमुना

पत्र पॉलिसी देणाऱ्या शाखेच्या नावे जातं, आपल्या उदाहरणात नांदेडच्या. सर्वेअर हैदराबादचा येण्याची शक्यता असेल तर इंग्रजी प्रतही सोबत ठेवावी, मजकूर तोच.

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक, (विमा कंपनी), नांदेड
>
> विषय : ऑल रिस्क पॉलिसी क्र. ______ अंतर्गत कॅमेरा ड्रोनच्या अपघाती नुकसानीचा दावा. क्लेम क्र. ______
>
> महोदय,
>
> वरील पॉलिसी ______ ते ______ या कालावधीसाठी चालू आहे. शेड्यूलमधील अनुक्रमांक ३ वर कॅमेरा ड्रोन, मॉडेल ______, सीरियल क्र. ______, विमा रक्कम रु. ६०,०००, अशी नोंद आहे. सदर ड्रोनचा नोंदणी क्रमांक ______ आहे. पॉलिसीची भौगोलिक मर्यादा संपूर्ण भारत आहे.
>
> दि. १६ नोव्हेंबर २०२५ रोजी (फंक्शन हॉलचे नाव व पत्ता), कुकटपल्ली, हैदराबाद येथे विवाहाचे चित्रीकरण चालू होते. ड्रोन माझे पगारी सहाय्यक ______ चालवत होते. मी त्यांच्याजवळ उभा होतो. उड्डाण दुपारी ४.३८ वाजता सुरू झाले. हवा शांत होती, पुरेसा उजेड होता, बॅटरी ५४ टक्के होती व स्क्रीनवर कोणतीही धोक्याची सूचना नव्हती. बॅटरी मूळ, कमी वजनाची होती.
>
> ४.५० वाजता ड्रोन सुमारे ७ मीटर उंचीवर डावीकडे सरकत असताना सजावटीसाठी ताणलेल्या बारीक तारेस त्याचा पंखा लागला. या मॉडेलला बाजूचे सेन्सर नाहीत. धडकेनंतर ड्रोन कलंडून पार्किंगच्या सिमेंट फरशीवर पडला. कोणीही जखमी झाले नाही, इतर मालमत्तेचे नुकसान नाही.
>
> गिंबल व कॅमेरा, पुढील उजवा हात, वरचे कवच व पंखे यांचे नुकसान झाले आहे. ड्रोन अपघातानंतर चालू केलेला नाही व दुरुस्तीस खोललेला नाही. तो व सर्व तुकडे तपासणीसाठी देगलूर येथे उपलब्ध आहेत. घटनेची सूचना त्याच दिवशी सायंकाळी ७.१५ वाजता टोल-फ्री क्रमांकावर दिली आहे.
>
> सर्व्हिस सेंटरचे दुरुस्तीचे अंदाजपत्रक रु. ३४,५०० आहे. याच नुकसानीसाठी इतर कोणत्याही कंपनीकडे दावा केलेला नाही. कृपया सर्वेअरची नेमणूक करून दावा मंजूर करावा.
>
> सोबत : पॉलिसी व शेड्यूल, खरेदीचे जीएसटी बिल, सीरियल क्रमांकाचे फोटो, घटनास्थळाचे फोटो, फ्लाइट लॉग व व्हिडिओ (पेन ड्राइव्हवर), झोन नकाशाचा स्क्रीनशॉट, लग्नाच्या ऑर्डरची प्रत, हॉल व्यवस्थापकाचे लेखी निवेदन, अंदाजपत्रक.
>
> आपला, (सही, शिक्का, मोबाइल, दिनांक)

'धडक तारेनं झाली' हे हॉलवाल्यानं लिहून दिलं तर उत्तम, पण तो डेकोरेशनवाल्याशी वाद नको म्हणून नकार देऊ शकतो. मग वरातीतल्या दोघांचं साधं निवेदन चालतं. एक मात्र ध्यानात ठेवावं, डेकोरेशनवाल्याकडून भरपाई घेऊन "मिटलं" असं परस्पर लिहून देऊ नये. क्लेम दिल्यावर त्याच्याकडून वसुलीचा हक्क विमा कंपनीकडं जातो, आणि तो आपण सोडून दिला तर कंपनी क्लेम अडवू शकते.

हातात किती येणार?

अंदाजपत्रक ३४,५०० चं आहे म्हणून तेवढे मिळतील असं नाही. उदाहरणात विमा रक्कम ६०,००० आहे, पण तसाच नवा ड्रोन आज ८०,००० ला येतो असं धरू. म्हणजे वस्तूचा तीन चतुर्थांशच विमा उतरवलेला. पॉलिसीत अॅव्हरेजची अट असेल तर नुकसानही त्याच प्रमाणात मिळतं. ३४,५०० चे तीन चतुर्थांश २५,८७५. त्यातून एक्सेस, म्हणजे दर क्लेमला आपल्या खिशातून जाणारी ठरलेली रक्कम, समजा २,५००. उरले २३,३७५. पंखे, बॅटरी अशा झिजणाऱ्या भागांवर घसाराही कापला जाऊ शकतो. स्टुडिओ जीएसटीत नोंदलेला असेल आणि दुरुस्तीवरच्या कराचा परतावा घेता येत असेल, तर कंपनी कर सोडून उरलेली रक्कमच धरते. हप्त्यात दोन-चारशे रुपये वाचवण्यासाठी विमा रक्कम कमी लिहिली की ती इथं अशी वसूल होते.

क्लेम नाकारला तर

नकार तोंडी घेऊ नये, लेखी मागावा आणि त्यात पॉलिसीचं नेमकं कलम लिहायला लावावं. सर्वेअरच्या अहवालाची प्रतही मागावी. तो अहवाल महत्त्वाचा असला तरी अंतिम शब्द नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २००९ च्या न्यू इंडिया विरुद्ध प्रदीप कुमार प्रकरणात स्पष्ट केलं आहे. कागद अपुरे एवढ्याच कारणावर क्लेम फेटाळता येत नाही, असं विमा नियामकानं जून २०२४ च्या परिपत्रकात म्हटलं आहे. क्लेमशी थेट संबंध असलेले आणि गरजेचे कागदच कंपनीनं मागायचे आहेत.

आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडं लेखी तक्रार. नियामकाच्या बीमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या नंबरवरही ती नोंदवता येते. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपाल. वैयक्तिक पॉलिसीधारकाबरोबर एकट्या मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग यांनाही तिथं दाद मागता येते, म्हणजे गावातला स्टुडिओ त्यात बसतो. फी नाही, वकील लागत नाही, नकारापासून वर्षाच्या आत जावं लागतं. तक्रारदाराचा पत्ता किंवा कंपनीची शाखा ज्याच्या हद्दीत, त्या लोकपालाकडं तक्रार करता येते. देगलूरचा रहिवासी आणि नांदेडची शाखा असेल तर पुण्याचं कार्यालय. ड्रोन कुकटपल्लीत पडला म्हणून हैदराबादच्या कार्यालयात खेटे घालायची गरज नाही.

ग्राहक आयोगाचंही तसंच. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं तक्रारदार जिथं राहतो किंवा काम करतो तिथल्या जिल्हा आयोगात जायची मुभा दिली आहे, त्यामुळं देगलूरकराला नांदेडचा आयोग चालतो. मुदत दोन वर्षांची. स्टुडिओ हा धंदा असल्यानं 'हा ग्राहकच नाही' असा आक्षेप कंपनी घेऊ शकते. त्यासाठी स्टुडिओ स्वतःच्या पोटापाण्यासाठी आपणच चालवतो आणि विमा नफ्यासाठी नव्हे, नुकसान भरून निघावं म्हणून घेतला होता, हे तक्रारीतच लिहून ठेवावं.